एंडगेमपर्यंत जायला कोणते सिनेमे गाळले तर चालतील?

मावशी_अमळनेर

मंडळी, मे महिन्यात पुण्याहून भाची येतेय. तिचा हट्ट आहे की या खेपेला मावशीने 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम' तिच्याबरोबर बघायचाच. मुलाने गच्चीवर पांढरी चादर बांधून प्रोजेक्टरची सोय करून ठेवलीय, कारण आमच्याकडे मे महिन्यात रात्री दहाच्या आत घरात बसवत नाही. तयारी म्हणून भाचीने आधी बघायच्या सिनेमांची यादी पाठवली. एकवीस नावं! एंडगेम धरून बावीस. मी पापड-कुरडया करू की हे बघू?

मी एकदा टीव्हीवर हिंदीत पहिला अ‍ॅव्हेंजर्स पाहिलाय. तो हिरवा, तो हातोडेवाला आणि लोखंडी सूटवाला एवढे ओळखते. आठ-दहा सिनेमे बघायची तयारी आहे, त्याहून जास्त नाही. कोणते गाळले तर शेवटी "हा कोण, ही का रडतेय" असं विचारत बसावं लागणार नाही? शेवट कळला तरी चालेल, भाचीने अर्धा सांगून झालाच आहे.

शिरपूर_एक्सप्रेस

मावशी, सोपं आहे. ज्यांच्या नावात अ‍ॅव्हेंजर्स आहे तेवढेच बघा. २०१२ चा पहिला, २०१५ चा एज ऑफ अल्ट्रॉन, २०१८ चा इन्फिनिटी वॉर आणि २०१९ चा एंडगेम. चार सिनेमे, चार रात्री. बाकी सगळे एकेकट्या हिरोचे आहेत, त्यांचं त्यांच्यापाशी. मी असेच पाहिले आणि माझं काही अडलं नाही.

निळं_आभाळ

असं कसं चालेल? आणि क्रम पण बघा. मी नेहमी सांगते की गोष्ट ज्या काळात घडते त्या क्रमाने बघायचं. आधी कॅप्टन अमेरिका, कारण तो दुसऱ्या महायुद्धातला. मग कॅप्टन मार्व्हल, ती १९९५ मधली. मग आयर्न मॅन. असं बघितलं की डोक्यात गोंधळच होत नाही.

तापीकाठ

शिरपूरभाऊंचं निम्मं खरं आहे. पहिल्या दोन अ‍ॅव्हेंजर्सपर्यंत अडत नाही. पण अल्ट्रॉनवरून थेट इन्फिनिटी वॉरला उडी मारली की पहिल्या अर्ध्या तासात माणूस हरवतो. आयर्न मॅन आणि कॅप्टन अमेरिका एकमेकांशी बोलत का नाहीत? थॉर अंतराळयानात काय करतोय, त्याचा एक डोळा कुठे गेला, हातोडा कुठे गेला? पहिल्या प्रश्नाचं उत्तर २०१६ च्या 'कॅप्टन अमेरिका: सिव्हिल वॉर'मध्ये आहे आणि दुसऱ्याचं २०१७ च्या 'थॉर: रॅग्नारॉक'मध्ये. दोन्हींच्या नावात अ‍ॅव्हेंजर्स नाही. सिव्हिल वॉर तर नाव सोडलं तर अ‍ॅव्हेंजर्सचाच सिनेमा आहे. हल्क आणि थॉर सोडून झाडून सगळे त्यात आहेत, शिवाय ब्लॅक पँथर आणि नवा स्पायडर-मॅन त्यातच पहिल्यांदा येतात. म्हणजे हा एक बघितला की दोन-तीन ओळखपरेडींचे सिनेमे वाचतात.

निळंताई, काळाच्या क्रमात एक खड्डा आहे. कॅप्टन मार्व्हलची गोष्ट १९९५ ची असली तरी श्रेयनामावलीच्या मधला तुकडा इन्फिनिटी वॉरच्या नंतरचा आहे. त्यात उरलेले अ‍ॅव्हेंजर्स पडद्यावर मेलेल्यांचे आकडे बघत उभे असतात. दुसऱ्याच रात्री ते दाखवलंत तर मावशींचा सगळ्यात मोठा धक्का तिथेच संपला. पहिल्यांदा बघणाऱ्याने सिनेमे आले त्या क्रमानेच बघावेत. पुढच्या सिनेमाला मागचं काय ठाऊक आहे, हे लिहिणाऱ्यांनी त्याच क्रमाने धरलेलं असतं.

निळं_आभाळ

तो तुकडा बंद करून टाकायचा की. पण ठीक आहे, नव्या माणसासाठी तुमचं मान्य. दुसऱ्यांदा बघताना मात्र माझाच क्रम भारी.

खान्देशी_भो

राम राम मंडळी. मावशी, मना बी तोच कुटाणा शे! (आता शुद्धात लिहितो, नाहीतर बाहेरगावचे चिडतात.) माझ्या पोराला २०२१ चा 'स्पायडर-मॅन: नो वे होम' बघायचाय आणि तो म्हणतो, त्याच्या आधी स्पायडर-मॅनचेच सात सिनेमे आहेत. धुळ्यात आमच्या घरी रिमोट त्याच्या आजीकडे असतो, तिच्या मालिकांच्या मधून सात सिनेमे काढायचे म्हणजे दिवाळी उजाडेल. तापीभो, याचंही काही सांगा.

तापीकाठ

सांगतो भो, पण आधी मावशींचं होऊ द्या.

मावशी, यादी वरून खाली वाचत "हा गाळू का, तो गाळू का" असं करायचं नाही. उलटं करायचं. एंडगेम शेवटचा धरायचा आणि बघायचं की त्यात जुने हिशेब कोणते चुकते होतात. ते हिशेब जिथे सुरू झाले ते सिनेमे ठेवायचे, उरलेले सोडायचे. सिनेमा चांगला की वाईट, हा प्रश्न वेगळा. काही उत्तम सिनेमे गाळता येतात आणि काही रटाळ सिनेमे गाळले की पुढे ठेच लागते.

तुम्ही हातोडेवाल्याला ओळखता म्हणून त्याच्यावरूनच दाखवतो. एंडगेमच्या शेवटच्या लढाईत हातोड्याचा एक प्रसंग आहे. तो आला तेव्हा थिएटरमध्ये लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडले होते. मागचे सिनेमे न बघता तो पाहिला तर तुम्हाला फक्त एवढंच दिसेल की एका माणसाने हातोडा उचलला.

२०११ च्या 'थॉर'मध्ये बाप त्या हातोड्यावर अट घालतो की जो लायक असेल त्यालाच तो उचलता येईल. मग थॉर स्वतःच नालायक ठरतो. पावसात, चिखलात, दोन्ही हातांनी जोर लावूनही त्याला हातोडा हलत नाही. ही अट एवढी कळली की निम्मं काम झालं. मग एज ऑफ अल्ट्रॉनमध्ये एक पार्टी आहे. सगळे टेबलावरचा हातोडा उचलायची पैज लावतात. कोणाला जमत नाही. कॅप्टन अमेरिका हात घालतो, जोर लावतो आणि हातोडा किंचित, अगदी किंचित हलतो. त्या क्षणी कॅप्टनकडे बघू नका, थॉरच्या तोंडाकडे बघा. त्याचं हसू एकदम जातं. कॅप्टन सोडून देतो आणि थॉर पुन्हा हसायला लागतो. रॅग्नारॉकमध्ये थॉरची बहीण तोच हातोडा एका हाताने चुरून टाकते. आणि एंडगेममध्ये तो परत कसा येतो, हे भाचीला दाखवू द्या.

आता या धाग्यावर अल्ट्रॉन येतो आणि रॅग्नारॉक येतो, दोन्ही ठेवायचे. पहिल्या थॉरमधलं मात्र एका वाक्यात सांगता येतं आणि ते मी वर सांगितलंच आहे. वेळ असेल तर बघा, नसेल तर सोडा.

सातपुड्याचा_वाघ

स्पॉयलरचा इशारा तरी टाकायचा राव! मी अजून एंडगेम पाहिला नव्हता.

खान्देशी_भो

२०१९ पासून काय करत होतास भाऊ? सातपुड्यात रेंज नव्हती का?

मावशी_अमळनेर

तापीकाठ, हे कळलं बघा. पण भाचीच्या यादीत 'थॉर: द डार्क वर्ल्ड' पण आहे आणि त्याच्यापुढे तिनेच लिहिलंय, "मावशी, हा फार बोअर आहे, पण बघ." बोअर आहे तर बघायचा कशाला?

शिरपूर_एक्सप्रेस

तो बिनधास्त सोडा. त्यात एक लाल द्रवासारखा दगड मिळतो, शेवटी तो कलेक्टर नावाच्या माणसाकडे ठेवायला देतात, संपलं. थॅनोस या मोठ्या खलनायकाला सहा दगड हवेत, त्यातला हा एक. एवढं माहीत असलं की बास.

तापीकाठ

हे मात्र शिरपूरभाऊ अगदी बरोबर बोलले, दगडापुरतं. इन्फिनिटी वॉरमध्ये थॅनोस कलेक्टरकडूनच तो घेतो. एंडगेममध्ये तर थॉर स्वतःच सगळ्यांसमोर उभा राहून, डोलत डोलत, त्या दगडाची आणि त्याच्या प्रेयसीची, जेनची, गोष्ट सांगतो. लेखकांना ठाऊक होतं की हा सिनेमा पुष्कळांनी पाहिलेला नाही, म्हणून त्यांनी विनोदाच्या नावाखाली उजळणी घालून दिली. असं बऱ्याच ठिकाणी असतं. ज्या गोष्टीची उजळणी पुढचा सिनेमा स्वतः करतो, तिच्यासाठी मागचा सिनेमा बघायची गरज नाही.

पण उजळणी माहितीची होते, मायेची नाही. एंडगेममध्ये थॉर आणि त्याचा साथीदार रॉकेट मागच्या काळात, थॉरच्या मायदेशी, २०१३ च्या अ‍ॅसगार्डमध्ये जातात आणि तो नेमका थॉरच्या आईच्या मृत्यूचा दिवस असतो. थॉर सुटलेलं पोट, वाढलेली दाढी घेऊन राजवाड्यात लपतो आणि आई मागून येऊन त्याला ओळखते. हा तिचा आजचा मुलगा नाही, पुढच्या काळातून आलाय, हेही तिला कळतं. ती त्याला जवळ घेते आणि जाता जाता सॅलड खात जा म्हणून सांगते. हा प्रसंग तुम्हाला कळेलच, त्यात न कळण्यासारखं काही नाही. पण ती बाई कोण होती, कशी गेली, हे डोळ्यांनी पाहिलेलं असलं तर घशाशी येतं.

म्हणून डार्क वर्ल्डबाबत माझा तोडगा असा: अख्खा बघू नका. अ‍ॅसगार्डवर हल्ला होतो तिथून आईच्या अंत्यविधीपर्यंतचा भाग बघा. ती जेनला वाचवायला तलवार घेऊन उभी राहते. त्याआधी थॉरचा भाऊ लोकी कैदेतून एका राक्षसाला वाट सांगतो आणि त्याच वाटेने तिचा मृत्यू येतो. मग रात्रीच्या पाण्यावर नावा सोडतात आणि पेटते बाण मारतात. त्या सिनेमातला सगळ्यात चांगला भाग तोच आहे. मग शेवटची दोन मिनिटं बघा, त्यात सिंहासनावर कोण बसलंय हे कळतं आणि रॅग्नारॉक तिथूनच सुरू होतो.

सातपुड्याचा_वाघ

अर्धे-अर्धे सिनेमे बघणं म्हणजे शेवभाजीतली शेव काढून खाणं झालं. बघायचा तर पूर्ण, नाहीतर नाही. आणि 'द इन्क्रेडिबल हल्क'चं काय? तो तर कोणीच बघत नाही.

तापीकाठ

वाघोबा, त्यात तत्त्व आहे, पण मावशींकडे तेवढ्या रात्री नाहीत.

२००८ चा हल्क एंडगेमसाठी खुशाल सोडा. त्यात हल्क झालेला एडवर्ड नॉर्टन, पुढे सगळीकडे मार्क रफेलो. त्यात घडलेलं एंडगेममध्ये कुठेच लागत नाही. पण इथे एक गंमत सांगतो. सतरा वर्षं हा 'गाळा' म्हणूनच ओळखला गेला आणि २०२५ मध्ये 'कॅप्टन अमेरिका: ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' आला. त्यातला खलनायक या २००८ च्या हल्कमधला शास्त्रज्ञ, एक प्रमुख पात्र त्यातलाच जनरल रॉस, आणि रॉसची मुलगीही तीच. तेव्हा अमुक सिनेमा कायमचा गाळण्याजोगा, असं म्हणता येत नाही. कुठे पोहोचायचंय त्यावर ठरतं.

पेन्शनर_जळगाव

सगळ्यांना नमस्कार. चर्चा चांगली चालली आहे. पण यात बॅटमॅन कुठे येतो? मला जोकरचे सिनेमे आवडले होते. ते एंडगेमच्या आधी बघायचे की नंतर?

खान्देशी_भो

काका, ते दुसऱ्या घरातले. बॅटमॅन, सुपरमॅन डीसीचे, हे मार्व्हलचे. रोटी-बेटी व्यवहार नाही.

तापीकाठ

काका, तुमची निवड खरंतर सगळ्यात सुखाची आहे. ख्रिस्तोफर नोलनचे २००५, २००८ आणि २०१२ चे तीन बॅटमॅन एकमेकांचेच आहेत, बाहेरचं काही लागत नाही. २०१९ चा जोकर स्वतंत्र, २०२२ चा 'द बॅटमॅन' स्वतंत्र. त्यांना गृहपाठ नाही. डीसीनेही २०१३ च्या 'मॅन ऑफ स्टील'पासून मार्व्हलसारखी साखळी बांधायला घेतली होती, ती फारशी जमली नाही. जेम्स गनच्या २०२५ च्या 'सुपरमॅन'पासून नव्याने मांडामांड झाली. त्याच्या आधीचे सुपरमॅन न बघता तो थेट बघता येतो.

पेन्शनर_जळगाव

धन्यवाद. म्हणजे मावशींच्या यादीत माझं काही नाही. तरी वाचतो आहे.

मावशी_अमळनेर

वाचा हो काका, गच्चीवर या बघायला, जळगाव काय लांब आहे? तापीकाठ, आता एकदाची यादी द्या म्हणजे मी भाचीला पाठवते.

तापीकाठ

घ्या, बघायच्या क्रमाने आणि कारणासकट.

सुरुवात २००८ च्या 'आयर्न मॅन'ने. टोनी म्हणजे तुमचा लोखंडी सूटवाला, त्याच्या त्यातल्या अगदी शेवटच्या वाक्याकडे लक्ष ठेवा. मग २०११ चा 'कॅप्टन अमेरिका: द फर्स्ट अ‍ॅव्हेंजर'. थोडा जुन्या वळणाचा वाटेल, पण एंडगेमचं शेवटचं दृश्य हे या सिनेमाचाच राहिलेला शेवट आहे. कॅप्टनचा त्याच्या प्रेयसीबरोबरचा, पेगीबरोबरचा, नाच राहून जातो, तेवढं मनात ठेवा. मग २०१२ चा 'अ‍ॅव्हेंजर्स'. तुम्ही पाहिलाय, पण परत बघा. एंडगेममध्ये हे लोक न्यूयॉर्कच्या त्याच लढाईत पुन्हा घुसतात, आणि प्रसंग आठवत असतील तरच त्यातली गंमत येते.

मग डार्क वर्ल्डचा तो तुकडा. मग २०१४ चे दोन: 'द विंटर सोल्जर' आणि 'गार्डियन्स ऑफ द गॅलक्सी'. विंटर सोल्जरमध्ये कॅप्टनचा जुना मित्र बकी परत येतो. पुढे टोनी आणि कॅप्टनचं भांडण पेटतं ते याच बकीवरून, आणि लिफ्टमधली मारामारी एंडगेममध्ये वेगळ्याच रूपात येते. गार्डियन्स नसेल तर रॉकेट, नेब्युला, गमोरा यांच्यातलं कोणीच ओळखीचं वाटणार नाही. मग अल्ट्रॉन, सिव्हिल वॉर, रॅग्नारॉक, इन्फिनिटी वॉर, एंडगेम. दहा सिनेमे आणि एक तुकडा.

अँट-मॅनचे दोन्ही गाळलेत, पण दुसऱ्याचा, म्हणजे २०१८ च्या 'अँट-मॅन अँड द वास्प'चा, श्रेयनामावलीमधला तुकडा इन्फिनिटी वॉरनंतर, एंडगेमच्या आधी नक्की बघा. दोन-तीन मिनिटांचाच आहे. स्कॉट, म्हणजे अँट-मॅन, एका सूक्ष्म जगात उतरलेला असतो आणि वर त्याला परत ओढणारं कोणी उरत नाही. एंडगेमचं सगळं कथानक तिथून निघतं.

डॉक्टर स्ट्रेंज, ब्लॅक पँथर, कॅप्टन मार्व्हल हे तिघं भाचीने एकेका वाक्यात सांगितले तरी चालतील. आयर्न मॅन २ आणि ३, पहिला थॉर, स्पायडर-मॅनचा होमकमिंग, हे सवडीने. एंडगेमच्या रात्री चहा दोनदा ठेवा, तो १८१ मिनिटांचा आहे.

निळं_आभाळ

ब्लॅक पँथर गाळला? आणि गार्डियन्सचा दुसरा भाग? नेब्युला आणि गमोरा या बहिणींचं वैर त्यात मिटतं. नेब्युला एंडगेममध्ये किती महत्त्वाची आहे! दुसरा भाग न बघता ती बदलली कधी, हे कळणारच नाही.

शिरपूर_एक्सप्रेस

ब्लॅक पँथर सिव्हिल वॉरमध्ये येऊन गेलाय की. पण आयर्न मॅन ३ गाळायला माझा विरोध. न्यूयॉर्कच्या लढाईनंतर टोनीला झोप लागत नाही, छाती भरून येते, हे त्यातच आहे. त्यातला तो छोटा मुलगा एंडगेमच्या शेवटी येतो, कोणालाच ओळखू येत नाही.

तापीकाठ

त्या मुलासाठी दोन तास दहा मिनिटं नाही देणार मी. पण टोनीच्या धास्तीबद्दल तुमचं ऐकलं पाहिजे. ती अल्ट्रॉनमध्ये येते, पण तिथे उगम दाखवलेला नाही. नेब्युलाबद्दल ताईंचा मुद्दा माझ्यापेक्षा वजनदार आहे. बहिणींची ती मारामारी आणि नंतरचं बोलणं पुढे कुठेच पुन्हा सांगितलेलं नाही, म्हणजे माझ्याच नियमाने तो गाळता येत नाही. तरी मी म्हणेन, मावशींना पहिला गार्डियन्स आवडला तर दुसरा बघा. नाही आवडला तर तो दुसराही जड जाईल.

आणि हो, मालिका वगैरे कोणी सांगितल्या तर एंडगेमसाठी एकही लागत नाही. २०२१ च्या 'वांडाव्हिजन'पासून ते दुखणं सुरू झालं. २०२२ चा डॉक्टर स्ट्रेंज ती मालिका न बघता पाहिला, तर वांडा एकदम अशी का वागते हेच कळत नाही.

भो, आता तुमच्या पोराचं. नो वे होमसाठी जुन्यांपैकी २००२ चा पहिला आणि २००४ चा दुसरा, कारण ग्रीन गॉब्लिन आणि डॉक ऑक त्यांच्यातून येतात. २००७ चा तिसरा आणि २०१२ चा 'अमेझिंग' सोडा. पण २०१४ चा 'अमेझिंग २' सोडू नका. त्यात स्पायडर-मॅनची प्रेयसी ग्वेन उंचावरून पडते आणि त्याचं जाळं तिच्यापर्यंत अगदी थोडक्यात उशिरा पोहोचतं. नो वे होममध्ये तोच स्पायडर-मॅन एका पडणाऱ्या मुलीला पकडतो, आणि मग त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो. नव्यांपैकी होमकमिंग आणि 'फार फ्रॉम होम' दोन्ही हवेतच, कारण 'फार फ्रॉम होम' जिथे संपतो त्याच क्षणी नो वे होम सुरू होतो. आणि मधे एंडगेम.

खान्देशी_भो

म्हणजे सातातून पाच उरले आणि वर एंडगेम वाढला? आजीला कोण सांगणार!

मावशी_अमळनेर

भाचीला यादी पाठवली. तिचं उत्तर आलं: "ब्लॅक पँथर गाळणाऱ्या माणसाशी मला बोलायचंय." तापीकाठ, सांभाळा.

दुसरा गार्डियन्स घालतेय, निळंताईंच्या भरवशावर. आयर्न मॅन ३ चं अजून ठरत नाही. शिरपूरभाऊ, त्यातला टोनीच्या झोपेचा भाग किती वेळाने येतो? तेवढाच दाखवायला सांगते, वाघोबांनी कान बंद करावेत.